एका पानाचा मेमो लिहिताना या चुका टाळा: मागणं तळाशी दडवू नका

खरेदी विभागात इतकी वर्षं काढल्यावर मेमो हातात आला की माझी नजर आधी तळाला जाते. 'तरी उपरोक्त बाबीस मंजुरी मिळावी, ही विनंती' हे वाक्य तिथे असतं. वरचा सगळा मजकूर त्या वाक्याची वाट अडवून बसलेला.

ही सवय आपल्याला सरकारी टिपणीने लावली. तिथे विषय, पार्श्वभूमी, नियम, प्रस्ताव आणि शेवटी 'मान्यतेस्तव सादर' असा क्रम असतो. ती टिपणी टेबलाटेबलावरून वर चढते आणि वाटेत प्रत्येक जण आपला शेरा मारतो, म्हणून तिथे तो क्रम चालून जातो. कंपनीत मेमो थेट साहेबांच्या फोनवर जातो आणि साहेब लिफ्टमध्ये असतात.

मीही यात पोळलो आहे. कारखान्यातला जुना कॉम्प्रेसर आठवड्यातून दोनदा बंद पडत होता. मी मेमोची सुरुवात अशी केली: 'विषय: कॉम्प्रेसरबाबत. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर यंत्र सोळा वर्षांपूर्वी बसविण्यात आले असून...' पुढे दुरुस्त्यांची जंत्री. अकरा लाख चाळीस हजारांची मंजुरी हवी आहे आणि कोटेशन २० तारखेला संपतं, हे चौथ्या परिच्छेदात. साहेबांचं उत्तर आलं, 'वाचलं. लक्ष ठेवा.' त्यांना तो यंत्राच्या तब्येतीचा अहवाल वाटला. मीही दोन दिवस गप्प बसलो, मग तारीख उलटली आणि नवं कोटेशन साठ हजारांनी वाढून आलं. साहेबांवर चिडायला जागाच नव्हती. मी त्यांच्याकडे काही मागितलंय, हे त्यांना कळलंच नव्हतं.

तोच मेमो आज मी असा सुरू करीन:

'विषय: नवीन कॉम्प्रेसर खरेदी, रु. ११.४० लाख, मंजुरी २० तारखेपर्यंत हवी.

७५ अश्वशक्तीचा स्क्रू कॉम्प्रेसर रु. ११.४० लाखांना घेण्यास मंजुरी द्यावी. रक्कम यंदाच्या भांडवली तरतुदीत बसते. २० तारखेनंतर हा दर राहणार नाही. मंजुरी नसेल तर पुढच्या महिन्यापासून भाड्याचा कॉम्प्रेसर आणावा लागेल, महिना रु. ७० हजार.'

काय हवं, किती पैसे, कुठून, कधीपर्यंत आणि नाही म्हटलं तर काय, इतकं वर आलं की उरलेलं पान कारणांना मोकळं. त्यात जुन्याचं ओव्हरहॉलिंग का नको हे आधी सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. दुरुस्त्यांची जंत्री सोबतच्या तक्त्यात.

नवी मंडळी इथे एक पळवाट काढतात. शेवटचा परिच्छेद कापून वर चिकटवतात आणि खाली सोळा वर्षांचा इतिहास जसाच्या तसा ठेवतात. मग दुसऱ्या ओळीपासून पुन्हा पुराण. पहिली ओळ बदलली की खालचा क्रमही बदलावा लागतो. दहा मिनिटं जास्त लागतात, ती द्यायला हवीत.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'योग्य तो निर्णय घ्यावा' किंवा 'मार्गदर्शन व्हावे'. मागणं वर आणलं, पण मागितलं काहीच नाही! यामागे बहुतेक वेळा भीती असते: शिफारस केली आणि ती चुकली तर? पण तीन कोटेशनं तुम्ही पाहिलीत, विक्रेत्यांशी तुम्ही बोललात. साहेबांकडे त्यातलं काहीच नाही. माझी कसोटी साधी आहे: पहिल्या वाक्याला नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येतं का? येत नसेल तर मी मेमो बंद करतो आणि विभागप्रमुखांशी जाऊन बोलतो, कारण मलाच अजून ठरवता आलेलं नसतं.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. एका मेमोत दोन मंजुऱ्या मागू नका, सोपी मिळते आणि अवघड लटकते. पान पुरेना म्हणून अक्षर नऊ पॉइंटवर आणू नका, मजकूर कापा. 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे. मंजुरी नकोच असेल तर पहिल्याच ओळीत 'फक्त माहितीसाठी' लिहा.

एका ठिकाणी मात्र मी हा क्रम लगेच वापरत नाही. मागणं साहेबांना अनपेक्षित असेल, म्हणजे त्यांनीच निवडलेला पुरवठादार बदलायचा असेल, तर ते वाक्य त्यांनी आधी माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. मी केबिनमध्ये जाऊन बोलतो आणि मेमो दुसऱ्या दिवशी पाठवतो. त्याची पहिली ओळ मग अशी असते: 'काल बोलल्याप्रमाणे, पुरवठादार बदलण्यास मंजुरी द्यावी.'