भांडणाच्या चॅटमध्ये ‘तू’ मोजत बसू नका: या चुका टाळा

घरातली किंवा भागीदारीतली भांडणं सोडवायला बसलं की लोक हल्ली मोबाइल पुढे करतात. "वाचा आणि सांगा, कोण कुणावर ढकलतंय." त्यात घाईचा माणूस आधी ‘तू’ शोधतो. ज्याचे ‘तू’ जास्त तो आरोप करणारा, समोरचा दुखावलेला, असा हिशोब करून मोकळा होतो. या हिशोबाचा मला मनापासून राग येतो, कारण एकदा मीही तोच केला आणि एका बाईला विनाकारण दुखावलं.

बहीण-भावाचं चॅट होतं, एका रात्रीतले दोनशेच्या वर मेसेज. वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता चुकला होता. ताईच्या मेसेजमध्ये 31 वेळा ‘तू’ होतं, भावाच्या फक्त 9 वेळा. मी सांगून टाकलं की भावाला आरोपीसारखं वाटतंय. ताई एवढंच म्हणाली, "मी आरोप करत होते, असं वाटलं तुम्हाला?"

घरी येऊन सगळं पुन्हा वाचलं. तिचे बरेचसे ‘तू’ "तू जेवलास का", "तू झोप आता, सकाळी बोलू" असे होते. भावाचे मेसेज मात्र असे: "बघितलं नाहीस. कळवलं नाहीस. साधं विचारलंही नाहीस." यात ‘तू’ एकदाही नाही, पण प्रत्येक क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ थेट ताईकडे बोट दाखवतो. मराठीत सर्वनाम गाळता येतं, कारण ते पुष्कळदा क्रियापदातच असतं. जेम्स पेनबेकर यांच्यासारख्या संशोधकांनी सर्वनामं मोजून माणसांच्या नात्यांचा अभ्यास केला, पण ते काम मुख्यतः इंग्रजीवरचं आहे आणि तिथे कर्ता बहुतेक वेळा लिहावाच लागतो. ती मोजणी जशीच्या तशी आपल्या चॅटवर लावली की निम्मी बोटं नजरेतून सुटतात.

मग ताईचे मेसेज क्रमाने लावले. सुरुवातीला "आपण बाबांचा विमा चालू ठेवायचाच." मधे "हप्ता भरायचा राहून गेला", म्हणजे वाक्यातून माणूसच गायब. भावाचे ते तीन ‘नाहीस’ आले आणि लगेच: "मी दवाखान्यात होते. मी एकटी होते. मी कुठे कुठे पुरणार?" ‘दवाखान्यात होते’ एवढ्यानेही भावाला कळलं असतं. तरी तीनदा लिहिलेला तो ‘मी’ मला बचावाचा वाटला, आणि नंतर ताईनेही तसंच सांगितलं. शेवटी "तुम्ही दोघं काय ते ठरवा." रात्रभर ज्याला ‘तू’ म्हटलं त्याला बायकोसकट ‘तुम्ही’ करून ती बाजूला झाली. दोषी ठरवल्यासारखं तिला वाटत होतं, भावाला नव्हे.

पण ‘मी’ दिसला की बचाव, असंही धरू नका. "मी विचारलं होतं" यातला ‘मी’ गरजेचाही असू शकतो, कारण ‘विचारलं होतं’ मी, तिने, त्यांनी, कुणीही. "मी भरेन" यातल्या ‘मी’कडे मात्र थांबून बघा. नुसतं ‘भरेन’ पुरत असताना तो लिहिला असेल, तर बहुतेक वेळा ‘तू नाहीस भरणार’ हे आत दडलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे ‘आपण’ दिसला की एकोपा समजणं. "आपण वेळेवर कळवायला हवं होतं" हे ज्याने वेळेवर कळवलं तोच लिहीत असेल, तर तो ‘आपण’ म्हणजे सभ्य कपड्यातला ‘तू’ आहे, आणि ज्याच्यासाठी लिहिला त्याला ते बरोबर कळतं. एरवी ‘तू’ म्हणणाऱ्याचं "आपण म्हणाल तसं" आलं, तर तो दार लावून घेतोय. मी सर्वात जास्त जपून वाचते ते ‘आपण’चं ‘आम्ही’ होणं. ‘आपण’मध्ये समोरचा असतो, ‘आम्ही’मध्ये नसतो. हा बदल जिथे पहिल्यांदा होतो, त्याच्या वरचे चार-पाच मेसेज मी सावकाश वाचते. ठिणगी बहुधा तिथेच सापडते, आणि पुष्कळदा ती "कोणीतरी बघायला हवं होतं" अशा बिनचेहऱ्याच्या वाक्यात असते.

स्क्रीनशॉटवरून निकाल देऊ नका. बदल कळायला आधीचं साधं बोलणं लागतं. जो माणूस एरवीही ‘मी मी’ लिहितो, त्याच्या भांडणातल्या ‘मी’ला वेगळं वजन देऊ नका. आणि चूक कुणाची, हे सर्वनामांना विचारू नका. कुणाला टोचलं, याचा फक्त अंदाज त्यातून येतो. तो अंदाजही मी आता आधी त्या माणसाला एकट्याला विचारते: "इथे तुम्ही ‘आपण’ म्हणायचं सोडलंत. त्या आधी काय लागलं?" ताईला हे विचारलं तेव्हा तिने क्षणभरही न थांबता तो मेसेज काढून दाखवला: "साधं विचारलंही नाहीस."