शब्बाथ पाळताना होणाऱ्या या चुका टाळा

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस. त्याचे नियम मोडतात ते शनिवारी, पण त्यामागची चूक जवळजवळ नेहमी शुक्रवारी दुपारीच झालेली असते. मुंबई-ठाण्याच्या आमच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे, की नव्याने शब्बाथ पाळू लागलेल्या घरातून कोणी निषिद्ध कामांची यादी मागायला आले, तर मी आधी त्यांना शुक्रवारचे वेळापत्रक विचारते. एकोणचाळीस कामांची यादी पाठ असली, तरी शुक्रवारी चार वाजता भाजी चिरायला बसणाऱ्या घरात तिचा काही उपयोग होत नाही.

सर्वांत मोठी चूक दिव्यांच्या वेळेची. शब्बाथचे दिवे सूर्यास्तापूर्वी लावायचे असतात आणि प्रचलित रीत सूर्यास्ताच्या अठरा मिनिटे आधीची आहे. मुंबईत जूनअखेरीस सूर्य सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेरीस मात्र सहाच्या सुमारास. म्हणजे वर्षभरात दिव्यांची वेळ सव्वा तासाहून अधिक सरकते. तरीही अनेक घरांत उन्हाळ्यात बसवलेली ‘सातची’ वेळ हिवाळ्यातही तशीच चालते, किंवा ‘हे ऑफिसातून आले की लावू’ असे ठरते. लोकल उशिरा सुटते, आठ वाजतात, आणि मग ‘उशीर झाला, पण निदान लावले तरी’ असे समाधान मानले जाते. हे समाधान मला मुळीच मान्य नाही. सूर्यास्तानंतर काडी ओढणे म्हणजे शब्बाथ सुरू झाल्यावर आग पेटवणे, आणि आमच्या धर्मग्रंथाने, तोराहने, नाव घेऊन मना केलेल्या कामांपैकी ते एक आहे. ज्या दिवसाच्या सन्मानासाठी दिवा लावायचा, तो दिवस त्याच दिव्याने मोडतो. अठरा मिनिटांची वेळ हुकली आणि सूर्य अजून मावळलेला नसेल, तर त्वरित लावावेत. सूर्य मावळला असेल, तर दिवे न लावता, आधीपासून सुरू असलेल्या विजेच्या उजेडात जेवायला बसावे. ते वाईट वाटते, पण तेच बरोबर आहे.

नवरा घरी पोहोचण्याशी दिव्यांचा काही संबंध नाही. घरातील स्त्रीने वेळेवर दिवे लावावेत. ती घरी नसेल, तर पुरुषाने लावावेत. माझी स्वतःची सवय अशी, की महिन्याच्या सुरुवातीला त्या महिन्याच्या सर्व शुक्रवारांच्या सूर्यास्ताच्या वेळा कागदावर लिहून तो फ्रिजवर लावते. मोबाईलमधल्या वेळा वापरायच्या असतील, तर त्यात शहर कोणते निवडले आहे ते आधी पाहावे. यरुशलेममध्ये चाळीस मिनिटे आधी दिवे लावण्याची रीत आहे, त्यामुळे तिथल्या वेळा इथे लागू करणाऱ्याचा सगळाच हिशेब चुकतो.

दिवे कुठे ठेवायचे, याचा विचार फार कमी घरांत होतो. पेटलेला दिवा, त्याची समई किंवा मेणबत्तीचा स्टँड आणि खालचे तबक यांना शब्बाथ संपेपर्यंत हलवता येत नाही. ज्योत विझली तरीही नाही. पुष्कळ नवी घरे हौसेने जेवणाच्या टेबलाच्या मधोमध दिवे मांडतात आणि मग पातेले ठेवायला जागा उरत नाही, किंवा लहान मुलाचा हात ज्योतीजवळ जाऊ लागतो आणि कोणीतरी तबक सहज बाजूला सरकवतो. त्याच खोलीत, पण टेबलापासून दूर, मुलांच्या हाताला न येणाऱ्या फळीवर दिवे ठेवावेत. त्यांच्या उजेडात जेवण व्हावे एवढीच अपेक्षा असते. काडेपेटी तबकात टाकू नये, आणि पंखा आधीच पाहून ठेवावा: वाऱ्याने ज्योत फडफडू लागली, तर नंतर बटणाला हात लावता येत नाही.

कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणूनच गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. खोबरेल तेलाचा काचेचा दिवा अजून काही घरांत आहे आणि मेणबत्तीपेक्षा मला तोच अधिक भरवशाचा वाटतो, मात्र तो जेवण संपेपर्यंत टिकला पाहिजे. एखाद्या साध्या दिवशी तेवढेच तेल आणि तीच वात घालून तो किती वेळ जळतो ते पाहून ठेवावे. वाढदिवसाच्या केकवरच्या बारीक मेणबत्त्या लावून मोकळे होणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की जेवायला बसण्याआधी विझणारा दिवा शब्बाथचा दिवा नव्हे.

दुसरी चूक गरम जेवणाची. ही चूक एका घराला किती महागात पडली, ते मी समोर बसून पाहिले आहे. ठाण्यातील एका नातेवाइकांकडे शब्बाथला आम्ही पाहुणे होतो. नव्या सुनेने शुक्रवारी दुपारी चारनंतर मटण आणि बटाट्याचा रस्सा चढवला. मटण निम्मे शिजते न शिजते तोच दिव्यांची वेळ झाली, म्हणून पातेले मंद आचेवर तसेच ठेवले गेले. शेगडीवर पत्रा नव्हता, झाकण सैल होते आणि रस्साही नेहमीइतकाच होता. शनिवारी सकाळी सिनेगॉगमधून परतलो तेव्हा घरभर करपल्याचा वास सुटला होता. आम्ही काही बोलण्याआधीच तिने नळाखाली पेला धरून अर्धा पेला पाणी पातेल्यात ओतले. थंड पाणी पेटलेल्या शेगडीवरच्या पातेल्यात ओतणे म्हणजे ते पाणी शिजवणे, अर्थात शब्बाथला स्वयंपाक करणे. घरातील वडीलधाऱ्यांनी ते पातेले शब्बाथ संपेपर्यंत कोणी खायचे नाही असे ठरवले, आणि मग उकडलेली अंडी, लोणचे आणि आदल्या दिवशीच्या चपात्या यांवर आठ माणसांचे जेवण झाले. सून रडली. पण तिची चूक पाणी ओतण्याची नव्हती. ती चूक आदल्या दिवशी चार वाजताची होती, आणि तिला काहीच न शिकवता पाहुणे बोलावणाऱ्या घराचीही होती.

माझी रीत अशी आहे. शुक्रवारचा रस्सा दुपारी दोनपर्यंत पूर्ण शिजलेला असतो. रात्रभर ठेवायच्या पातेल्यात नेहमीपेक्षा दोन-तीन पेले पाणी अधिक घालते, नारळाचे दूध मात्र त्यात घालत नाही, कारण रात्रभराच्या आचेवर ते फाटते. नारळाच्या दुधाची आमटी मी शुक्रवारच्या रात्रीच संपवते. गॅसची ज्योत अगदी बारीक करून त्यावर जाड पत्रा ठेवते. पत्र्यामुळे आच समान पसरते, आणि कोणाचा हात सवयीने आच कमी-जास्त करायला जाऊ नये म्हणून गॅसची बटणेही झाकते. विजेची हॉटप्लेट असेल तर अधिक सोयीचे, पण आमच्या भागात वीज जाते. सिलेंडर मात्र गुरुवारीच उचलून पाहावा, कारण शुक्रवारी रात्री तो संपला तर बदलता येत नाही. शनिवारी पातेल्यात काहीही घालायचे नाही: पाणी नाही, मीठ नाही, चिरलेली कोथिंबीरही नाही. उकळते पाणी घालण्याबाबत परंपरांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आम्ही तोही मार्ग धरत नाही. थंड झालेला रस्सा पुन्हा चुलीवर ठेवायचा नाही. एकदा उतरवले की ते वाढायलाच, हा नियम नवशिक्यांना पाळायला सोपा पडतो.

चहाचा प्रश्न मराठी घरात सुटल्याशिवाय शनिवारची सकाळ सुरू होत नाही. पाणी उकळता येत नाही आणि गरम पाण्यात चहापत्ती टाकणे हेही शिजवण्यातच मोजले जाते. दिव्यांच्या वेळेपूर्वी कडक कोरा चहा साखरेसह करून चांगल्या थर्मासमध्ये भरून ठेवावा. सकाळपर्यंत तो गरम राहतो. दुधाच्या चहाचा आग्रह असेल, तर तो वेगळ्या थर्मासमध्ये भरावा आणि मांसाहारानंतर लगेच घेऊ नये. काटेकोर घरांत सहा तासांचे अंतर ठेवतात.

किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी द्राक्षरसावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, बाजारातले लाल सरबत आणून ठेवणारी घरे वाढली आहेत आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. त्या बाटलीत साखर, रंग आणि वास असतो, द्राक्ष नसते, आणि ‘द्राक्षवेलीच्या फळा’चा आशीर्वाद त्यावर म्हणता येत नाही. आमची मनुकांच्या सरबताची जुनी रीत काही अवघड नाही. गुरुवारी रात्री एक वाटी काळ्या मनुका धुऊन तीन वाट्या पाण्यात भिजवाव्यात, शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात उकळून, कुस्करून, फडक्यातून पिळून घ्याव्यात. पाण्याचे प्रमाण वाढवू नये. नियमाप्रमाणे मनुका पाण्याच्या एक-षष्ठांशाहून अधिक असाव्या लागतात, आणि तीनपट पाण्यात सरबताला द्राक्षाची खरी चवही येते. हे सारे शुक्रवारीच संपवावे, कारण फळ पिळणे शब्बाथला निषिद्ध आहे. किद्दुशचा पेला किमान 86 मिलिलिटरचा असावा आणि म्हणणाऱ्याने त्यातले बहुतेक प्यावे.

शब्बाथच्या जेवणाला दोन पाव अखंड लागतात. कापलेल्या ब्रेडच्या पाकिटातून दोन तुकडे काढून झाकणे चालत नाही. पाव मिळाले नाहीत तर दोन अखंड चपात्या ठेवाव्यात.

शनिवारच्या जेवणासाठी मेथी निवडणे, तांदळातले खडे वेचणे ही कामे शुक्रवारी उरकावीत. ताटातून नको ते काढून टाकण्यापेक्षा हवे ते उचलून लगेच खावे. फ्रिजमधला दिवा बंद करून ठेवावा. पावसाळ्यात छत्री उघडायची नसते. रेनकोट घालून जावे.

वरच्या कामाला येणाऱ्या बाईंना ‘जरा पंखा लावा’ असे सांगणे ही पळवाट नाही. आपण करू शकत नाही ते दुसऱ्याला करायला सांगणेही मनाच आहे. त्यांनी स्वतःसाठी दिवा लावला आणि आपल्याला उजेड मिळाला, तर ती गोष्ट निराळी. जिवाला धोका असेल, तर मात्र कोणालाही न विचारता आपणच फोन उचलावा, गाडी काढावी, दिवा लावावा. तिथे थांबणे हीच चूक ठरते.

शनिवारी संध्याकाळी सूर्य मावळला की मोबाईल हातात घेणाऱ्यांची घाई मला समजते, पण शब्बाथ तेव्हा संपत नाही. आकाशात तीन मध्यम तारे दिसेपर्यंत थांबावे. ढगाळ हवेत सूर्यास्तानंतर पाऊण तास सोडावा. त्यानंतरही गॅस पेटवण्यापूर्वी ‘बारूख हामावदिल’, म्हणजे ‘भेद करणारा धन्य असो’, असे म्हणावे आणि मग हाव्दाला, म्हणजे शब्बाथला निरोप देणारी प्रार्थना, करावी: प्रथम सरबत किंवा वाइन, मग लवंग-दालचिनीचा सुगंध, मग ज्योत, शेवटी पवित्र आणि साध्या दिवसांतील भेदाचा आशीर्वाद. हाव्दालाची ज्योत एकाहून अधिक वातींची हवी. वळलेली मेणबत्ती घरात नसेल, तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या वाती एकमेकींना टेकवून धराव्यात.