फणी फिरवूनही उवा परत येतात? या चुका टाळा

इंदूरला राजेंद्र नगरात माझं औषधांचं दुकान आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की जुलैत एक प्रश्न ठरलेला असतो. कोणी हिंदीत कुजबुजतं, "दीदी, बच्ची को जुएँ पड़ गई हैं", तर कोणी मराठीत त्याहून हळू आवाजात, "ताई, उवांचं काहीतरी द्या ना." एवढी लाज कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. एका बाकावर डोक्याला डोकं लावून चित्रं काढणाऱ्या मुली म्हटल्या की उवा आल्याच. त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. केसाला केस लागला की चालत पलीकडे जातात.

यंदा ही तक्रार घेऊन माझी भावजयच आली. भाची तिसरीत आहे, दोन वेण्या घालते. भावजय म्हणाली, "ताई, तीनदा फणी फिरवली, एकदा औषध लावलं. खाज थांबते, पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू. मी काय चुकतेय?" तिच्या चुका अगदी नेहमीच्याच होत्या, म्हणून तिचीच गोष्ट सांगते.

पहिली चूक: खाजेवर भरवसा

खाज ऊ चालल्यामुळे होत नाही. चावताना तिची लाळ कातडीत जाते, तिच्या ॲलर्जीने खाज सुटते. आयुष्यात पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला ही ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे मूल डोकं खाजवायला लागतं तेव्हा उवा महिनाभर जुन्या असतात. उलट सगळ्या उवा गेल्यावरही दोनेक आठवडे खाज राहू शकते. भावजय खाज थांबली की फणी ठेवून देत होती आणि खाज सुटली की पुन्हा काढत होती. मधल्या दिवसांत डोक्यात काय चाललंय, ते तिला दिसतच नव्हतं.

दुसरी चूक: लिखा दिसल्या म्हणजे उवा आहेतच

लीख म्हणजे उवेचं अंडं. ते केसाच्या एका बाजूला, जरा तिरकं, डिंकासारख्या पदार्थाने घट्ट चिकटलेलं असतं. बोटाने ढकललं तर हलत नाही, नखांच्या चिमटीत धरून ओढावं लागतं. कोंडा फुंकरीनेही उडतो. तिसरा एक प्रकार फसवा आहे. घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींच्या केसांवर कधी कधी पांढरी बारीक नळी दिसते. ती केसाभोवती बांगडीसारखी असते आणि वरखाली सहज सरकते. ती लीख नव्हे. त्या 'लिखां'साठी औषध नेणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

खरी लीख असली तरी ती टाळूपासून किती लांब आहे ते बघा. उवेला अंड्यासाठी डोक्याची ऊब लागते, म्हणून ती केसाच्या मुळाशीच अंडं घालते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. टाळूपासून दोन बोटं लांब दिसणारी पांढरी लीख म्हणजे बहुतेक वेळा फुटून गेलेलं रिकामं टरफल. कानामागे आणि मानेवर, केसाच्या अगदी मुळाशी असलेल्या तपकिरी लिखा मात्र ताज्या समजा. पण उपचार करायचा की नाही, हे जिवंत, हलणारी ऊ सापडली तरच ठरवायचं.

तिसरी चूक: कोरड्या केसांवर फणी, तीही कोणतीही

कोरड्या केसांत ऊ पळते. ओल्या, बुळबुळीत केसांत ती काही वेळ जागच्या जागी थिजते आणि फणीत अडकते. आपल्याकडे तेल लावून फणी फिरवायची रीत आहे. ती वाईट नाही, तेलानेही ऊ मंदावते. पण तेल धुऊन काढता काढता हात दुखतात, म्हणून मी कंडिशनर सुचवते. साधा, स्वस्तातला चालतो.

फणी घेताना दात बघा. राजवाड्याजवळ मिळणाऱ्या लाकडी दुहेरी फण्या दिसायला छान असतात, पण थोड्या वापरल्या की दात फाकतात. धातूची, लांब आणि जवळजवळ दातांची फणी घ्या. दातांमध्ये व्हिजिटिंग कार्ड सहज शिरत असेल तर ती फणी पिल्लं पकडणार नाही.

आम्ही रविवारी सकाळी भाचीला गॅलरीत उजेडात बसवलं. साध्या शाम्पूने केस धुऊन टॉवेलने टिपले, मग ओंजळभर कंडिशनर मुळापासून टोकापर्यंत चोळलं आणि मोठ्या कंगव्याने गुंता काढला. एवढं झालं की बोटाएवढी एकेक बट वेगळी घ्यायची. फणीचे दात टाळूला टेकवायचे आणि न उचलता टोकापर्यंत ओढायची. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसायची आणि बघायचं. मग तीच बट खालच्या बाजूने. भावजय आधी फणी वरवर, टाळूपासून दोन बोटं सोडून फिरवत होती. लेक ओरडते म्हणून. पण उवा तर तिथेच, त्या दोन बोटांत राहतात. सगळं डोकं दोनदा व्हायला पाऊण तास गेला. मुलीच्या हातात मोबाइल दिला होता, खोटं कशाला बोलू! शेवटी केस धुतले आणि फणी कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली.

चौथी चूक: एकदाच विंचरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फणी उवा काढते. अंडी सगळी निघत नाहीत, कितीही घासा. ती साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात. बाहेर आलेलं पिल्लू लगेच अंडी घालत नाही, मोठं व्हायला त्याला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. हीच आपली संधी. दर चौथ्या दिवशी नीट फणी फिरवली तर प्रत्येक पिल्लू अंडी घालायच्या आधी पकडलं जातं. म्हणून पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, आणि सतराव्या दिवशी तपासणी. रविवारी सुरुवात केली तर गुरुवार, सोमवार, शुक्रवार आणि तपासणी मंगळवारी.

टिश्यूवर काय येतं ते फक्त मोजू नका, त्याचा आकार बघा. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते, नुकतं निघालेलं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. भावजयीने फ्रिजवर कागद चिकटवून लिहून ठेवलं. रविवारी तिळाएवढ्या अकरा आणि सात-आठ बारीक. गुरुवारी फक्त खसखशीएवढी पाच. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.

नवव्या दिवशी, सोमवारी, दोन पिल्लं आणि एक चांगली तिळाएवढी ऊ. तिचा फोन आला, "ताई, मोठी कुठून आली?"

प्रश्न बरोबर होता. पहिल्या दिवसानंतर निघालेलं पिल्लू नवव्या दिवशी एवढं मोठं होऊच शकत नाही. मग दोनच शक्यता: आधीच्या दोन्ही वेळी एखादी निसटली, किंवा नवी ऊ बाहेरून आली. गुरुवारी एकही मोठी सापडली नव्हती, म्हणून मला दुसरी शक्यता जास्त वाटली. विचारलं, "घरातल्या सगळ्यांची डोकी बघितलीस ना?"

"बघितली. म्हणजे, आईंची नाही. त्यांना खाज नाही काही."

आई म्हणजे माझी आई. भाची रात्री आजीजवळ झोपते, आणि आजीचा आंबाडा वर्षानुवर्षं कोणी सोडून पाहिलेला नव्हता. संध्याकाळी मी स्वतः गेले. आई रागावली, "माझ्या डोक्यात? या वयात?" कंडिशनर लावून फणी फिरवली, पहिल्याच ओढीला टिश्यूवर तीन. त्या दिवसापासून दोघींच्या तारखा पुन्हा एकपासून मोजल्या. घरातल्या प्रत्येकाचं डोकं एकाच दिवशी तपासायचं ते यासाठीच. खाज नाही म्हणून कोणाला सोडायचं नाही.

औषधाच्या चुका

भावजयीने आधी लावलेलं औषध म्हणजे परमेथ्रिनचं एक टक्का लोशन. त्यात दोन गडबडी झाल्या होत्या. तिने ते कंडिशनर लावून धुतलेल्या केसांवर लावलं होतं. कंडिशनरचा थर राहिला तर औषध केसाला नीट लागत नाही. आधी फक्त शाम्पू, केस टिपायचे, मग लोशन दहा मिनिटं, मग धुवायचं. आणि दुसरा हप्ता तिने दिलाच नव्हता. औषधाने सगळी अंडी मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवसाच्या आसपास ते पुन्हा लावावं लागतं. हल्ली बऱ्याच उवा या औषधाला दाद देत नाहीत, त्यामुळे औषध लावलं तरी फणी हवीच. काउंटरवर आणखी एक गोंधळ मी रोज थांबवते: पाच टक्क्यांचं क्रीम खरजेचं असतं, तेच डोक्याला लावायला नेतात. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही लावू नका.

घरगुती उपायांपैकी तीन मी थेट नाही म्हणते. रॉकेल पेटतं आणि कातडी भाजून काढतं. डांबरगोळी कुटून लावली तर तिचं विष अंगात भिनू शकतं. आणि सीताफळाच्या बियांची पूड, जी आपल्या आज्या हमखास सांगतात, ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम करते. डोकं धुताना ती डोळ्यात जाणार नाही, असं कोण सांगेल?

घर धुऊन काढायची मात्र गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. उशीचा अभ्रा, टॉवेल आणि रिबिनी गरम पाण्यात धुतल्या की झालं. गाद्यांवर कीटकनाशक मारू नका, ते मुलाच्याच छातीत जातं.

टाळूवर पू, पिवळे खपले, मानेमागे दुखणाऱ्या गाठी किंवा ताप असेल तर फणी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. केस गोल चकत्यांमध्ये तुटत असतील तर तो बहुतेक गजकर्णाचा प्रकार, उवांचा नाही. त्याला पोटातून औषध लागतं.

भाचीचा आणि आईचा सतरावा दिवस एकाच बुधवारी होता. दोघींच्या टिश्यूवर फक्त कंडिशनर. आईचा आंबाडा बांधून दिला तर म्हणाली, "एवढा सैल? नीट घट्ट बांध गं."