एसी दुरुस्तीच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार कसा नेमावा

म्हापशात नऊ माणसांची एसी दुरुस्तीची कार्यशाळा आहे, असे समजू. तीसपेक्षा कमी कर्मचारी असल्याने शिकाऊ उमेदवार घेणे तिला बंधनकारक नाही. मात्र चार किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला तो स्वेच्छेने घेता येतो.

प्रथम apprenticeshipindia.gov.in येथे आस्थापनेची नोंदणी करून रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग हा व्यवसाय निवडावा आणि आयटीआय उत्तीर्ण मुला-मुलींचे अर्ज मागवावेत. विद्यावेतनाचा किमान दर उमेदवाराच्या शैक्षणिक पात्रतेनुसार ठरतो. तो करारापूर्वी त्याच संकेतस्थळावर तपासावा. शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात भरते. म्हणजे दहा हजार ठरवल्यास मालकाच्या वाट्याला साडेआठ हजार येतात. ही रक्कम 'दर एसीमागे इतके' अशी देता येत नाही, कारण शिकाऊ उमेदवाराला नगावर मोबदला देण्यास कायद्याने मनाई आहे.

प्रशिक्षणाची आखणी गोव्याच्या हंगामाकडे पाहून करावी. जून ते सप्टेंबर हॉटेलांची कामे मंदावतात, तेव्हा मुलाला बाकावर बसवून तांब्याची नळी कापणे, तिचे तोंड फुलवणे आणि जोड देणे शिकवावे. नळी कापल्यावर कडेला राहिलेली कीस काढली नाही, तर फुलवलेल्या तोंडावर बारीक ओरखडा पडतो आणि तेथूनच पुढे गॅस झिरपतो. काम जमले का, याची परीक्षा सोपी आहे: व्हॅक्यूम पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटे गेजचा काटा जागचा हलता कामा नये. ऑक्टोबरपासून त्याला मेस्त्रीबरोबर साइटवर धाडावे; कळंगुटच्या किनाऱ्यावरील बाहेरच्या युनिटांची जाळी खाऱ्या वाऱ्याने कशी कुजते, ते बाकावर बसून कळत नाही. केवळ शिडी धरायला आणि हत्यारे वाहायला नेले, तर वर्षअखेरीस त्याला तेवढेच येईल. म्हणून त्याने स्वतः केलेल्या कामांची वही ठेवावी आणि मेस्त्रीने तिच्यावर दर आठवड्याला सही करावी.

खरी अडचण नोकरीची आहे. जूनमध्ये आलेल्या मुलाचे वर्ष मे महिन्यात संपते, नेमक्या त्याच वेळी मालकाला पुढचे चार मंदीचे महिने दिसू लागतात आणि 'बघूया, गणेश चतुर्थीनंतर' असे उत्तर मिळते. तोवर मुलगा दुसरीकडे लागलेला असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम २२ येथे उपयोगी पडते: करारात अट नसेल, तर नोकरी देणे मालकाने स्वतः ठरवलेल्या भरती धोरणावर अवलंबून असते, परंतु प्रशिक्षण यशस्वीपणे पुरे केल्यावर उमेदवाराने त्याच आस्थापनेत काम करावे अशी अट घातलेली असेल, तर मालकाला योग्य नोकरी देऊ करावी लागते आणि उमेदवारालाही ठरलेला काळ काम करावे लागते. म्हणून पद, पगार, सेवेचा काळ आणि रुजू होण्याची तारीख ही चारही कलमे सुरुवातीलाच करारात लिहावीत, आणि तारीख १ जून अशीच ठेवावी. ते चार महिने नव्या मुलाला बाकावर शिकवायला जुना मुलगा लागेलच.