झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं व्हॉट्सॲप: लॉगआउट करताना या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं बेळगावला कॉलेजला येतात आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या झेरॉक्स-ऑनलाइन सेंटरच्या खुर्चीत बसतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, घरच्यांसाठी शेताच्या पहाणीचा उतारा, प्रोजेक्टची प्रिंट, कामं संपत नाहीत. फाइल फोनमध्ये असते, प्रिंटर दुकानात. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडायचं, फोनने क्यूआर कोड स्कॅन करायचा, पीडीएफ उतरवायची आणि पैसे देऊन बस पकडायची. या घाईत व्हॉट्सॲप तिथेच चालू राहतं. सकाळी सेंटर उघडून क्रोम सुरू केला की आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाचे चॅट समोर, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

फुली दाबली म्हणजे लॉगआउट झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. "मी बंद केलंय की, कोपऱ्यातली फुली दाबली," असं गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, आणि ते खोटंही बोलत नसतं. पण फुलीने फक्त खिडकी बंद होते. क्यूआर कोड स्कॅन केला त्याच वेळी तो ब्राउझर तुमच्या खात्याला जोडला गेला आणि त्या जोडणीची किल्ली ब्राउझरने स्वतःजवळ साठवून ठेवली. पुढच्या माणसाने web.whatsapp.com उघडलं की कोड न विचारता तुमचंच खातं उघडतं.

पूर्वी फोनचं इंटरनेट बंद झालं की वेबही थांबायचं. म्हणून "माझा नेटपॅक संपलाय, आता कोण बघणार" असं अजूनही काही जण म्हणतात. ते दिवस गेले. आता जोडलेला कॉम्प्युटर फोनशिवाय स्वतंत्रपणे मेसेज घेतो आणि पाठवतोही. तुम्ही खानापूरच्या गाडीत बसा, फोन स्विच ऑफ करा, दुकानात मेसेज येत राहतात. मूळ फोन 14 दिवसांपेक्षा जास्त वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात. पण रोज फोन वापरणाऱ्याला या नियमाचा काही उपयोग नाही.

दुकानातून उठण्याआधी व्हॉट्सॲप वेबमधला तीन टिंबांचा मेनू उघडून Log out दाबा आणि पडद्यावर पुन्हा क्यूआर कोड दिसेपर्यंत खुर्ची सोडू नका. कोड दिसला की काम झालं.

यादीत दोन सारखी नावं दिसली की घाबरून किंवा कंटाळून सोडून देणं

घरी गेल्यावर आठवलं तरी बिघडत नाही, फोनवरून लांबूनही लॉगआउट करता येतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या मुख्य पडद्यावरच्या तीन टिंबांत Linked devices मिळतं, आयफोनवर ते Settings मध्ये असतं. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या फोनची भाषा कन्नड किंवा मराठी असते, तिथे नाव बदलतं पण जागा तीच राहते. फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात आणि ती सगळी या यादीत दिसतात.

अडचण पुढे येते. टिळकवाडीतल्या सेंटरमध्ये बी.कॉम.ची एक मुलगी आली होती, तिच्या यादीत तीन नोंदी होत्या. दोन अगदी सारख्या, Google Chrome (Windows), आणि तिसरी नुसती Windows. एक क्रोम तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवरचा, दुसरा कुठला हे तिला आठवेना. यादीत दुकानाचं नाव येत नाही, कॉम्प्युटर कुणाचा तेही येत नाही. नावावरून ओळख पटवायला गेलं की फसायला होतं. ओळख पटते ती शेवटच्या वापराच्या वेळेवरून. नोंदीवर बोट ठेवलं की Last active ची वेळ दिसते.

तिला लॅपटॉप उघडून त्यावरचं व्हॉट्सॲप वेब एकदा रिफ्रेश करायला सांगितलं, मग फोनवरची यादी बाहेर येऊन पुन्हा उघडायला लावली. एका क्रोमची वेळ आत्ताची झाली. तो तिचा. दुसऱ्याची वेळ त्याच दिवशी सकाळी सव्वानऊची होती. सव्वानऊला ती गाडीत होती आणि लॅपटॉप बॅगेत. म्हणजे तो दुसरा क्रोम कुठेतरी दुसरीकडे चालू होता. थोडं आठवल्यावर आदल्या दिवशीची प्रोजेक्टची प्रिंट लक्षात आली. कॉलेजजवळचं दुकान, आणि ते सकाळी नऊलाच उघडतं.

उरली नुसती Windows. ब्राउझरऐवजी विंडोजवर व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप बसवलं की अशी नोंद येते. वेळ दोन आठवड्यांपूर्वीची. "सुट्टीत मामांच्या कॉम्प्युटरवर लग्नाचे फोटो उतरवलेले," ती म्हणाली. तिने दोन्ही नोंदींवर एकेक करून Log out दाबलं, स्वतःचा लॅपटॉप तेवढा ठेवला. एवढी कसरत नको असेल तर सरसकट सगळीच उपकरणं काढायची आणि आपलं पुन्हा जोडायचं. लॅपटॉप परत जोडल्यावर जुने मेसेज सिंक व्हायला थोडा वेळ लागतो, याखेरीज त्यात तोटा काही नाही.

सव्वानऊची वेळ पाहून ती मुलगी दुकानदाराशी भांडायला निघाली होती. तिला थांबवावं लागलं. Last active चा अर्थ कुणी बसून तुमचे चॅट वाचले असा होत नाही. बऱ्याच दुकानांत क्रोम उघडला की काल उघडे असलेले टॅब आपोआप परत उघडतात, आणि टॅब नुसता उघडला तरी वेळ बदलते. मात्र तुम्ही न उघडलेले मेसेज तुमच्याच फोनवर वाचलेले दिसू लागले, किंवा तुम्ही न पाठवलेला मेसेज चॅटमध्ये दिसला, तर मामला वेगळा. अशा वेळी लॉगआउट करण्याआधी यादीचा आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नोंद काढल्यावर ती वेळ पुन्हा बघायला मिळत नाही.

उलटा प्रकारही होतो. इन्कॉग्निटो खिडकीत व्हॉट्सॲप उघडून, लॉगआउट न करता सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्या, तर ब्राउझरजवळची किल्ली पुसली जाते. पण फोनला हे कुणी कळवलेलं नसतं, म्हणून यादीत ती नोंद तशीच राहते. तिची वेळ पुढे सरकत नाही, ही तिची खूण. धोका नाही, पण चारातली एक जागा अडून बसते, म्हणून काढून टाकलेली बरी.

पिन आहे, फोनला लॉक आहे, मग कशाला काळजी

दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन जरूर ठेवावा, पण त्याचं काम वेगळं. दुसऱ्या कुणी तुमचा नंबर नव्या फोनवर नोंदवायला घेतला तर तो पिन आडवा येतो. आधीच जोडलेल्या कॉम्प्युटरला तो विचारत नाही. फोनवरच्या बोटाच्या ठशाचंही तेच. नवं उपकरण जोडताना ठसा मागितला जातो, पण जोडणी झाल्यावर त्या कॉम्प्युटरवर तुमच्या बोटाची सत्ता चालत नाही.

आणि तोच ठसा देऊन काही जण उघडा फोन दुकानातल्या पोराच्या हातात देतात, "तूच कर रे बाबा." कोड स्कॅन करायला फोन तुमच्याच हातात पाहिजे. क्यूआरऐवजी फोन नंबर टाकून, आठ अक्षरांचा कोड वापरूनही उपकरण जोडता येतं. म्हणजे क्यूआर न दाखवताही कुणी जोडणी करू शकतं. तुम्ही काही जोडत नसताना असा कोड टाकायची सूचना फोनवर आली, किंवा फोनवरून कुणी "हा कोड तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये टाका" म्हणालं, तर ते त्याचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडत असतं.

लॉगआउट केलं, पण फाइल तिथेच

लॉगआउटने चॅट जातात, डाउनलोड केलेली पीडीएफ जात नाही. आधार कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, वडिलांच्या नावची पहाणी, हे सगळं दुकानाच्या Downloads फोल्डरमध्ये पडून राहतं. क्रोममध्ये Ctrl+J दाबून यादीतलं नाव काढलं की फाइल गेली असं वाटतं, पण यादीतून नुसतं नाव काढण्यावर भरवसा ठेवू नका. फोल्डर उघडा, फाइल निवडा आणि Shift+Delete दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगून करा, कुणी नाही म्हणत नाही.

वेब नको म्हणून दुकानाच्या नंबरवरच फाइल पाठवणाऱ्यांसाठी एवढंच, की Delete for everyone साधारण दोन दिवसांच्या थोडं पुढेपर्यंत चालतं, आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत त्याने जात नाही. दोन पानांच्या प्रिंटसाठी पेनड्राइव्ह अजूनही सगळ्यात साधा.

विकलेला लॅपटॉप आणि हरवलेला फोन

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्याचा जुना लॅपटॉप गावाकडे धाकट्या भावाकडे येतो किंवा ऑफिसात परत जमा होतो. व्हॉट्सॲप मात्र त्यात चालूच असतं. इथेही फोनच्या यादीतून लॉगआउट करायचं, फक्त एक मर्यादा लक्षात ठेवायची. तो लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला नसेल तर तुमचा आदेश त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. नवे मेसेज त्यात जाणार नाहीत, पण आधी उतरलेले तो पुन्हा नेटवर येईपर्यंत आतच असू शकतात. म्हणून लॅपटॉप हातातून जाण्याआधी त्याच्यावरच बसून लॉगआउट करणं चांगलं.

फोनच हरवला तर यादी उघडायची कुठून? त्याच नंबरचं सिम काढून नव्या फोनवर व्हॉट्सॲप नोंदवा. नोंदणी झाली की जुना फोन खात्यातून बाहेर पडतो. त्यानंतर Linked devices उघडून यादी रिकामी आहे ना, हे एकदा डोळ्यांनी बघा.

टेलिग्राम वापरत असाल तर Settings मध्ये Devices बघा. तिथे प्रत्येक उपकरणासोबत अंदाजे ठिकाणही येतं आणि त्यावरून नाहक धावपळ होते. ते ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेलं असतं, त्यामुळे बेळगावात बसलेल्या तुमच्याच लॅपटॉपसमोर बेंगळूर किंवा दुसरंच शहर दिसू शकतं. उपकरणाचं नाव आणि वेळ जुळत असेल तर शहराकडे दुर्लक्ष करा. जुळत नसेल तर Terminate all other sessions दाबा. हे मात्र जुन्या, आधीपासून चालू असलेल्या फोनवरून करा, कारण नुकतंच लॉगिन केलेल्या उपकरणावरून टेलिग्राम पहिले 24 तास इतरांना बाहेर काढू देत नाही.