स्लाइडशोचं भाषण कसं केलं

रयत शिक्षण संस्थेच्या वर्धापनदिनासाठी हातात स्लाइडशो आला. १९१९ काले येथे स्थापना, १९२४ साताऱ्यात वसतिगृह, १९२७ गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हे नाव, १९४७ साताऱ्यात कॉलेज. ओळीने वाचून पाहिलं तर तो अहवाल वाटत होता, कारण दोन सनांच्या मध्ये काय घडलं हे कुठेच नव्हतं.

मग प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारला: हे होण्यासाठी कोणाला काय सोडावं लागलं? बहुतेक स्लाइड गप्प राहिल्या. त्या पडद्यावरच ठेवल्या, तोंडी घेतल्या नाहीत. वसतिगृहाची स्लाइड मात्र बोलली. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील म्हणजे अण्णा यांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही त्यात गेलं. भाषणाचा निम्मा वेळ मी इथेच दिला. सुरुवातही सनाने न करता इथूनच केली: "घरातलं धान्य संपलंय, आणि मुलं जेवायची आहेत." स्थापनेचं साल त्यानंतर आलं.

लक्ष्मीबाईंच्या तोंडी एकही वाक्य घातलं नाही. त्या काय बोलल्या ते आपण रचलं, तर आदरांजलीचं नाटक होतं.

शेवटी मोठ्याने वाचलं. जिथे लागोपाठ दोन सनं आली, तिथे एक काढून टाकलं. '१९४७ साली कॉलेज' याऐवजी "त्या पंगतीतून उठलेल्या मुलांना पुढे शिकायला साताऱ्यातच कॉलेज मिळालं" असं लिहिलं.