विचारू की धरून चालू? स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.ई. किंवा एम.टेक. करून स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात आलेल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त अडवते ती आर्किटेक्टकडून आलेली अर्धवट ड्रॉइंग. कॉलेजातल्या गणितात सगळे भार दिलेले असत. इथे फ्लोअर प्लॅन येतो, एखादा सेक्शन येतो आणि सोबत निरोप असतो, 'फुटिंगचं ड्रॉइंग सोमवारी साइटला हवंय.' माती कशी आहे, भिंती विटांच्या की एएसी ब्लॉकच्या, टेरेसवर काय येणार, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग काही जण दर तासाला एक प्रश्न घेऊन उठतात आणि काही जण सगळं मनाने धरून ड्रॉइंग पूर्ण करतात. मी बरीच वर्षं नवीन इंजिनीअरांची कामं तपासतो आहे. विचारायचं कधी आणि धरून चालायचं कधी, हे नीट शिकवता येतं असा माझा अनुभव आहे, म्हणून एका साध्या बंगल्याच्या आधाराने लिहितो.

समजा, तळमजला अधिक एक मजला असा बंगला आहे, सुमारे १२ कॉलमचा. पहिली शंका येते फ्लोअर फिनिशची. टाइल आणि खालचा मसाला मिळून १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरायचे की दीड? नवखा माणूस लगेच फोन उचलतो. माझं सांगणं असतं की आधी दोन्ही आकडे घेऊन गणित करा. ३ मीटर स्पॅनचा, १२५ मिलिमीटर जाडीचा एकदिश स्लॅब घ्या. स्वतःचं वजन ३.१२५, राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ भाग २ प्रमाणे लाइव्ह लोड २, आणि फिनिश १. दीडने गुणल्यावर ९.२ येतात. फिनिश दीड धरलं तर ९.९. लागणारी सळई पहिल्या वेळी मीटरला सुमारे २५० चौरस मिलिमीटर, दुसऱ्या वेळी २७२. आपण टाकतो ८ मिलिमीटरची सळई १५० मिलिमीटर अंतरावर, म्हणजे ३३५. दोन्ही उत्तरांत ड्रॉइंगवरची एक रेघही बदलत नाही. असा प्रश्न विचारायचा नाही. दीड धरायचं, गणिताच्या पहिल्या पानावर तसं लिहायचं आणि पुढे जायचं.

आता टेरेसकडे या. साध्या टेरेसवर स्लॅबचं वजन, विटांच्या तुकड्यांचा सरासरी १५० मिलिमीटर कोबा म्हणजे सुमारे ३ किलोन्यूटन, आणि वर जाता येत असेल तर लाइव्ह लोड दीड. सगळं मिळून साडेसात-पावणेआठ. पण प्लॅनवर टेरेसच्या कोपऱ्यात हिरवे ठिपके दिसत आहेत. ती कुंड्यांची हौस आहे की माती भरून केलेली बाग? ३०० मिलिमीटर ओली माती धरली तर चौरस मीटरला जवळजवळ ६ किलोन्यूटन वाढतात. स्लॅबवरचा भार पावणेदोन पटींवर जातो. १०० चौरस मीटरवर तशी बाग झाली तर माथ्यावर ६०० किलोन्यूटन, म्हणजे ६० टन येतात, आणि भूकंपाच्या गणितात ते सर्वांत वरच्या पातळीवर बसतात. इथे उत्तराने स्लॅब बदलतो, बीम बदलतो, कॉलम आणि फुटिंगही बदलतं. शिवाय फुटिंग आधी ओतलं जातं आणि बागेचा विषय वर्षभराने निघतो. हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि फुटिंगचं ड्रॉइंग ऑफिसातून बाहेर पडण्याआधी विचारला पाहिजे.

म्हणजे बघायच्या गोष्टी दोन. उत्तर बदललं तर ड्रॉइंग बदलतं का? आणि आपलं गृहीतक चुकलं हे कळेल तेव्हा काँक्रीट पडलेलं असेल का? शंका लहान की मोठी याने फरक पडत नाही. मातीच्या बाबतीत हे फार चांगलं दिसतं. जमिनीची सुरक्षित वहनक्षमता, ऑफिसच्या भाषेत एसबीसी, ही इमारतीतली सर्वांत मोठी अनिश्चित गोष्ट. तरीही लहान बंगल्यांत अहवाल येण्याआधी कित्येकदा आम्ही ती २०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, साइटवरच्या बोलीत '२० टन', धरून ड्रॉइंग पुढे नेतो. हे चालतं, कारण मध्ये एक नैसर्गिक थांबा आहे. खड्डा खोदला की थर डोळ्यांना दिसतो. ५१० किलोन्यूटनचा कॉलम असेल, तर फुटिंगच्या वजनासाठी १० टक्के वाढवून २० टनाला १.७ मीटर चौरस फुटिंग लागतं. थर १५ टनाचाच निघाला तर १.९५ मीटर. खड्डा थोडा रुंदावावा लागतो, ओतलेलं काही फोडावं लागत नाही. पण हा थांबा ड्रॉइंगवर लिहिलेला असला तरच तो थांबा. 'एसबीसी २० टन धरली आहे' एवढ्याने कोणी थांबत नाही. 'एसबीसी २० टन धरली आहे. खोदाई पूर्ण झाल्यावर आणि पीसीसी टाकण्याआधी आमच्या इंजिनीअरला थर दाखवावा' असं लिहा, आणि ते उजवीकडच्या सर्वसाधारण सूचनांच्या गर्दीत न टाकता फुटिंगच्या तक्त्याच्या अगदी खाली लिहा. सेंटरिंगवाला आणि सुपरवायझर तक्ता बघतातच. आणि आसपास खोल काळी माती असल्याचं आधीच माहीत असेल तर २० टन धरण्याचा प्रश्नच येत नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग ठेवायचं नसतं. मुरूम किती खोलीवर लागतो हे चाचणीचा खड्डा घेऊन कळवा, असंच सांगायचं.

एका ठिकाणी मात्र मी नवीन माणसांना धरून चालायला अजिबात परवानगी देत नाही: दोन कागद एकमेकांशी भांडत असतील तिथे. प्लॅनमध्ये जिन्याचा लँडिंग बीम खिडकीच्या वर आहे आणि सेक्शनमध्ये तो खिडकीतून जातो. यातलं काहीही निवडलं तरी तुम्ही आर्किटेक्टचा एक कागद खोटा ठरवलेला असतो, आणि साइटवर मिस्त्रीच्या हातात नेमका तोच कागद असतो. माहिती नसेल तर धरता येते. परस्परविरोधी असेल तर विचारायचं, मग आकडा कितीही किरकोळ असो.

'शंका असेल तिथे जड धरा' हा सल्ला तुम्हाला ऑफिसात ऐकू येईल. बहुतेक वेळा तो बरोबर असतो, पण बाहेर झेपावणाऱ्या बाल्कनीत तो उलटतो. तिथे मागच्या स्पॅनचं आणि त्यावरच्या भिंतीचं वजन बाल्कनीला धरून ठेवत असतं. मागची भिंत विटांची धरली आणि प्रत्यक्षात हलके एएसी ब्लॉक आले, किंवा भिंतच आली नाही, तर धरलेलं जास्तीचं वजन तुमच्या विरोधात जातं. म्हणून तिथे मागे हलकं आणि पुढे जड असं धरून तपासायचं, आणि तरीही पुरत नसेल तरच भिंतीबद्दल विचारायचं.

आता विचारण्याची पद्धत. 'टेरेसचा लोड किती धरू?' असं विचारलं तर आर्किटेक्ट म्हणणार, 'ते तुम्हीच ठरवा.' त्यांचं काही चुकत नाही. लोड हा त्यांचा विषय नाही. त्यांच्या विषयात प्रश्न नेऊन ठेवा. आमच्या ऑफिसातून गेलेला एक प्रश्न साधारण असा होता: 'टेरेसच्या पश्चिम कोपऱ्यात माती भरून बाग करायची असेल तर पार्किंगमधले चार कॉलम २३० × ३८० ऐवजी २३० × ४५० होतील आणि गाडीची वाट ७० मिलिमीटरने कमी होईल. फक्त कुंड्या असतील तर आहेत तसेच राहतील. फुटिंग गुरुवारी साइटला जायचं आहे, त्याआधी कळवा.' उत्तर त्याच दिवशी आलं, कारण त्यात पार्किंग होतं. ज्या गोष्टी नंतर बदलता येतात त्यांच्याबाबत शेवटी एक ओळ जोडता येते, 'कळलं नाही तर अमुक धरून पुढे जातो.' फुटिंग आणि कॉलमला हात लावणाऱ्या प्रश्नांना ती ओळ जोडू नका. तिथे मौन म्हणजे होकार असं समजून चालत नाही.

प्रश्न एकेक करून पाठवू नका. दिवसभराचे साठवा आणि जे काँक्रीट आधी पडणार त्याचा प्रश्न वर, या क्रमाने एकाच मेलमध्ये लिहा. जिन्याच्या पायरीला ग्रॅनाइट की कोटा, हा प्रश्न महिनाभर थांबू शकतो.

आपल्याकडच्या बंगल्यात हमखास येणारा आणि सर्वांत निसटता प्रश्न म्हणजे 'पुढे मजला चढवणार का?' मालकाचं उत्तर असतं, 'सध्या तरी काही नाही.' हे उत्तर घेऊन नवीन इंजिनीअर परत येतो आणि एकच मजला धरतो. पण मालकाने फक्त आजचं सांगितलं आहे. आपल्याला पुढच्या वीस वर्षांचं हवं आहे. पुन्हा विचारावं लागतं, आणि या वेळी आकडे घेऊन. मधल्या कॉलमवर १४ चौरस मीटरचा भार येतो आणि एका मजल्याचे बीम-भिंती धरून चौरस मीटरला १२ किलोन्यूटन पकडले, तर दर मजल्याला सुमारे १७० किलोन्यूटन. दोन स्लॅबना ३४०, तीन स्लॅबना ५१०. फुटिंग १.४ मीटरचं १.७ होतं. सगळ्या बंगल्यात हा वाढावा एका ट्रान्झिट मिक्सरभर काँक्रीट आणि त्यातली सळई एवढाच असतो, कॉलमची थोडी वाढ वेगळी. हेच काम दहा वर्षांनी करायचं तर राहत्या घरातली फरशी उखडून फुटिंग रुंद करावी लागतात आणि कॉलमना जॅकेटिंग करावं लागतं. हे दोन पर्याय समोर ठेवले की मालक घरात बोलून दोन दिवसांत पक्कं उत्तर देतात. वाढीव मजला एफएसआयमध्ये बसतो का, हे त्याच वेळी आर्किटेक्ट सांगतात. बसत नसेल तर विषय तिथेच मिटतो.

मालक 'नाही' म्हणाले तर तेही ड्रॉइंगवर जायला हवं: 'रचना तळमजला अधिक एक मजला एवढ्यासाठीच आहे, वरचा मजला धरलेला नाही.' आणि अशा इमारतीत टेरेसवर कॉलमच्या सळया बाहेर काढून ठेवायच्या नाहीत. कंत्राटदार सवयीने ठेवतो, आणि पुढे कुणीतरी त्या सळया बघून मजला धरलेला आहे असं समजतो.

गृहीतकांची यादी मी गणिताच्या पहिल्या पानावर तीन रकान्यांत लिहायला लावतो: काय धरलं, कुणी पक्कं करायचं, कोणत्या कामाआधी. उत्तर आलं की त्या ओळीसमोर तारीख आणि मेलचा संदर्भ घालून ड्रॉइंगवरचं 'धरली आहे' काढून टाकायचं आणि ड्रॉइंग आर१ करून पाठवायचं. साइटवरच्या जुन्या प्रिंटवर 'रद्द' लिहिलं आहे ना, हे पुढच्या भेटीत स्वतः बघा. कारण आर० बहुतेक वेळा सिमेंटच्या गोदामातल्या भिंतीवर अजून चिकटवलेलं असतं आणि सळई कापणारा तेच बघून कापतो.